झटपट अवयव: गणित मंडळाच्या प्रश्नमंजूषेची संहिता

ही फेरी आठवी-नववीच्या चार संघांसाठी आहे. प्रश्न फळ्यावर लिहूनच द्या. नुसता वाचून दाखवला तर वजा चिन्ह हमखास निसटते. घंटी ठेवू नका. सगळ्या संघांनी एकाच वेळी कागदावर उत्तर लिहून वर धरायचे.

निवेदक: "पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान स्थापन करणारे श्रीराम अभ्यंकर अवघड भूमितीसुद्धा शाळेतल्या बीजगणिताच्या पद्धतींनी सोडवत. आज आपल्याला त्याच बीजगणितातले अवयव पाडायचे आहेत. प्रत्येक प्रश्नाला वीस सेकंद. पूर्ण अवयवांना दोन गुण, अर्धवट उत्तराला एक. अवयवांचा क्रम कोणताही चालेल."

१. 6x + 9 = 3(2x + 3). सामाईक 3 बाहेर.

२. x² − 49 = (x − 7)(x + 7). वर्गांची वजाबाकी.

पुढचे चार प्रश्न सलग घ्या, मध्ये थांबू नका. अंक तेच, चिन्हे बदलतात, आणि खरी गंमत इथेच आहे.

३. x² + 7x + 12 = (x + 3)(x + 4)

४. x² − 7x + 12 = (x − 3)(x − 4)

५. x² + x − 12 = (x + 4)(x − 3)

६. x² − x − 12 = (x − 4)(x + 3)

निवेदक: "शेवटचं पद धन असेल तर दोन्ही चिन्हं सारखी, ऋण असेल तर वेगळी. वेगळी असतील तेव्हा मोठ्या संख्येला मधल्या पदाचं चिन्ह."

पाचव्याला सहाव्याचे उत्तर देणारा संघ असतोच. अशा वेळी x = 1 ठेवून पडताळा घ्या. मूळ राशी 1 + 1 − 12 = −10. (x − 4)(x + 3) ची किंमत (−3)(4) = −12, म्हणजे उत्तर चुकले. (x + 4)(x − 3) ची (5)(−2) = −10, जुळले. x = 0 घेऊ नका; दोन्हीकडे −12 च येते आणि चूक लपून राहते.

७. x² + 10x + 25 = (x + 5)². मधले पद 2 × 5 × x.

८. 2x² + 7x + 3 = (2x + 1)(x + 3). 2 × 3 = 6, म्हणून 7x ची फोड 6x + x. याला तीस सेकंद द्या.

९. 2x² − 18 = 2(x − 3)(x + 3). बरेच जण 2(x² − 9) वर थांबतात. त्यांना एकच गुण.

१०. x³ − 8 = (x − 2)(x² + 2x + 4). इथे मधले पद 4x लिहिले जाते, कारण मुलांना (x + 2)² आठवतो. सूत्रात मात्र मधले पद ab आहे, 2ab नाही.

गुणलेखकाच्या कागदावर समान उत्तरेही आधीच लिहून ठेवा. दुसऱ्या प्रश्नाला −(7 − x)(7 + x) हेही बरोबरच आहे, आणि ऐन वेळी त्यावरून वाद होतो.

बरोबरी झाली तर x⁴ − 16 द्या. उत्तर (x − 2)(x + 2)(x² + 4). x² + 4 चे पूर्णांक सहगुणक घेऊन आणखी अवयव पडत नाहीत.