फोटोतल्या ताळेबंदावरून रोख प्रवाह पत्रक करताना

आकडे उतरवले की आधी ताळेबंदाच्या दोन्ही बाजूंची बेरीज स्वतः करा. फोटोत 3 आणि 8 सारखे दिसतात, कंस पुसट होतात. फरकाला 9 ने पूर्ण भाग जात असेल तर बहुधा शेजारचे दोन अंक उलटे पडलेत. फरक एखाद्या रकमेच्या दुप्पट असेल तर तिथला कंस, म्हणजे वजाचं चिन्ह, सुटलंय.

वर्गीकरणात सर्वाधिक घोळ यंत्र विकल्यावर होतो. समजा, 50,000 पुस्तकी किमतीचं यंत्र 70,000 ला विकलं. 20,000 चा नफा निव्वळ नफ्यात आधीच मिसळलेला असतो, म्हणून तो कार्यचालन विभागात वजा करायचा आणि पूर्ण 70,000 गुंतवणूक विभागात आवक दाखवायची. नफा वजा करायचा राहिला, तर तेच 20,000 दोनदा मोजले जातात आणि अखेरची रोख ताळेबंदाशी जुळत नाही.

आता निव्वळ नफा 2,40,000 आणि घसारा 1,00,000 धरा. घसारा मिळवून, 20,000 वजा करून 3,20,000 होतात. ऋणको 2,50,000 ने वाढले असतील, तर कार्यचालनातून रोख उरते फक्त 70,000. म्हणजे नफ्याच्या प्रत्येक रुपयामागे सुमारे 29 पैसेच हाती आले. ऋणको चालू मालमत्तेत धरले जात असल्याने चालू गुणोत्तर मात्र याच वाढीमुळे छान दिसू शकतं. म्हणून त्यावर विसंबण्याआधी वसुलीला सरासरी किती दिवस लागतात ते काढा: ऋणको भागिले उधार विक्री, गुणिले 365.