आठवड्याला किती टक्के वजन उतरावं? हिशोबातल्या या चुका टाळा

‘आठवड्याला एक किलो’ हे माप सगळ्यांना सारखं लावणं ही पहिली चूक. ११० किलोच्या माणसाचा एक किलो म्हणजे ०.९ टक्के, आणि ५५ किलोच्या बाईचा एक किलो म्हणजे १.८ टक्के. पहिल्याला चालून जाईल, दुसरीचं स्नायूंचंही नुकसान होईल. म्हणून टक्क्यात मोजायचं. सर्वसाधारण निरोगी प्रौढासाठी आठवड्याला शरीराच्या वजनाच्या ०.५ ते १ टक्का हा पट्टा धरतात.

सूत्र साधं आहे: मागच्या आठवड्याच्या वजनातून या आठवड्याचं वजन वजा करा, उत्तराला मागच्या आठवड्याच्या वजनाने भागा, १०० ने गुणा. घोटाळा होतो तो या सूत्रात कुठलं वजन घालायचं यावर.

एकाच दिवसाचं वजन धरणं

समजा एकाने सोमवार ते रविवार रोज सकाळी पोट साफ झाल्यावर, चहाच्या आधी वजन केलं. पहिला आठवडा: ८४.६, ८४.१, ८४.९, ८४.३, ८४.०, ८४.७, ८४.४. दुसरा: ८४.१, ८३.६, ८३.९, ८४.५, ८३.८, ८३.५, ८३.४.

आता नुसते बुधवार बघा. ८४.९ वरून ८३.९, म्हणजे जवळपास १.२ टक्के, माणूस घाबरून खाणं वाढवेल. नुसते गुरुवार बघा, तर वजन २०० ग्रॅमने वाढलंय. तोच माणूस रात्रीचं जेवण बंद करेल. दुसऱ्या आठवड्यातल्या बुधवारी रात्री लग्नाची पंगत होती, लोणचं-पापड झाले, मिठाने पाणी धरून ठेवलं, एवढंच. सरासरी काढली तर ८४.४३ आणि ८३.८३. फरक ०.६० किलो, भागिले ८४.४३, गुणिले १००: ०.७१ टक्के. सगळं ठीक चाललंय.

रोजची वजनं शीटमध्ये बी रकान्यात, दुसऱ्या ओळीपासून लिहिलीत तर सूत्र असं:

```
=(AVERAGE(B2:B8)-AVERAGE(B9:B15))/AVERAGE(B2:B8)*100
```

उत्तर ७१% दिसलं तर दचकू नका. त्या चौकटीला आधीच टक्क्याचं फॉरमॅट दिलेलं असणार. ते काढा किंवा सूत्रातलं `*100` काढा.

मासिक पाळी येणाऱ्यांना आठवड्याची सरासरीही फसवू शकते. पाळीच्या आधी काही जणींच्या अंगात पाणी साठतं. त्यांनी या महिन्यातला पाळीनंतरचा आठवडा मागच्या महिन्यातल्या पाळीनंतरच्या आठवड्याशी ताडावा आणि आलेल्या टक्क्यांना मधल्या आठवड्यांच्या संख्येने भागावं. हे भागायचं बरेच जण विसरतात आणि महिन्याचे ३ टक्के आठवड्याचे समजून बसतात.

पहिला आठवडा हिशोबात घेणं

भात-पोळी कमी केली की शरीरातला ग्लायकोजेनचा साठा उतरतो आणि त्याच्या साधारण तिप्पट पाणी सोबत जातं. त्यामुळे पहिल्या आठवड्यात २ टक्के उतरले तरी ती सगळी चरबी नव्हे. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासूनचा वेग खरा धरा.

जुन्याच वजनाचा टक्का काढत राहणं

१०४ किलोला १ टक्का म्हणजे १.०४ किलो. वजन ७८ वर आलं की तोच १ टक्का ७८० ग्रॅम होतो. तरीही किलोचाच हट्ट धरला, तर वेग १.३ टक्क्यांच्या आसपास जातो. ध्येयाच्या वजनाने भागणंही चूक. भागायचं ते चालू वजनाने.

१ टक्का हे लक्ष्य समजणं

ती वरची मर्यादा आहे. ५८ किलोच्या बाईचा १ टक्का ५८० ग्रॅम. एक किलो चरबीला सुमारे ७७०० कॅलरी हा ढोबळ हिशोब धरला तर रोज ६४० कॅलरींची तूट लागते. तिचा दिवसाचा खर्चच १७०० असेल तर खायला उरतात १०६०, आणि त्यात पुरेशी प्रथिनं बसवणं अवघड. अर्ध्या टक्क्याला तूट ३२० ची होते, जी निभते. माझ्या मते बारीक चणीच्या माणसाने अर्ध्या टक्क्याच्या वर जाऊच नये.

पाण्याचा पहिला आठवडा सोडून सलग तीन आठवडे १ टक्क्याच्या वर आकडा आला, तर रोजचं खाणं दीडशे-दोनशे कॅलरींनी वाढवा. फार झपाट्याने वजन उतरलं तर पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो, आणि केसगळती दोन-तीन महिन्यांनी दिसते, तेव्हा कारण लक्षातही येत नाही.

हा पट्टा गरोदर बायका, वाढत्या वयाची मुलं आणि आधीच कमी वजन असलेल्यांसाठी नाही. मधुमेहावर इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर खाणं कमी करण्याआधीच डॉक्टरांशी बोला, कारण औषधाचा डोस तोच राहिला तर साखर एकदम घसरू शकते. आणि काही न करता सहा महिने ते वर्षभरात ५ टक्के वजन गेलं असेल, तर आठवड्याचा वेग कितीही ‘सुरक्षित’ दिसो, तपासणी करून घ्या. क्षयरोग, थायरॉइड, मधुमेह यांची सुरुवात अशीही होते.