यादीतून सुटलेले नाव

सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिरात आमच्या मंडळाची भावगीतांची मैफल होती आणि आभारप्रदर्शन प्रथमच माझ्याकडे आले होते. कार्यकारिणीने दिलेली 31 नावांची यादी मी मानाच्या क्रमाने वाचली. निम्म्यावर येईपर्यंत खुर्च्या वाजू लागल्या होत्या. एवढे करूनही ध्वनिव्यवस्था सांभाळणाऱ्या काकांचे नाव राहिलेच. ते काही बोलले नाहीत, खाली मान घालून वायरी गुंडाळत राहिले. ते आठवले की मला आजही अपराधी वाटते.

नवख्या निवेदकाने यादीचा हा सापळा नीट समजून घ्यावा. नावे जितकी अधिक, तितकी ती हजेरी ठरते, आणि हजेरीत नाव नसणे म्हणजे वगळले जाणे. शेवटी ‘अनवधानाने कोणाचे नाव राहिले असल्यास क्षमस्व’ म्हटल्याने भरपाई होत नाही. ज्याचे राहिले, त्याला ते वाक्य आपल्यासाठीच आहे हे लगेच कळते. ‘आभार मानून त्यांना परके करणार नाही, त्यांच्या ऋणातच राहू’ हे वाक्य तर कृपया टाळाच. जुन्या निवेदकांच्या वह्यांतून ते पिढ्यान्‌पिढ्या उतरवले जाते, म्हणून मी कोणाला अशी वही मागू देत नाही.

पुढच्या वर्षी मी आदल्या दिवशी प्रत्येक नावासमोर एकच गोष्ट लिहिली: या माणसाने काय केले आणि ते मी पाहिले का? ज्यांच्यापुढे जागा कोरी राहिली, त्या देणगीदारांची व पदाधिकाऱ्यांची नावे प्रवेशद्वाराजवळच्या फलकावर लावली आणि अध्यक्षांना तसे आधीच सांगितले. हे सांगणे चुकवू नका, अन्यथा नाराजी मंचावरच उमटते. प्रमुख पाहुण्यांचा मान मात्र राखावाच लागतो. त्यांच्या भाषणातील मनाला भिडलेला एक मुद्दा सांगितला की तो राखला जातो.

‘उत्तम ध्वनिव्यवस्थेबद्दल मनःपूर्वक आभार’ या वाक्याच्या जागी मी म्हणालो, “दुपारी तालमीत तबला घुमत होता. काकांनी जेवण बाजूला ठेवून तीनदा माइकची जागा बदलली, म्हणून शेवटच्या रांगेतल्या आजींनाही प्रत्येक शब्द ऐकू आला.” असे तीन प्रसंग सांगायला दोन मिनिटे पुरली. माझा आवाज कापत होता, पण त्याने काही बिघडले नाही; तुमचाही कापला तर थांबून श्वास घ्या आणि पुढे बोला.

प्रसंग सांगण्यापूर्वी त्या व्यक्तीला विचारायला मात्र विसरू नका. चहा देणाऱ्या एका ताईंनी आजारी मुलाला घरी ठेवून काम केले होते आणि मी ते लिहूनही ठेवले होते. त्या म्हणाल्या, “दादा, पोराचं नका सांगू, चहा वेळेवर मिळाला एवढंच सांगा.” मी तेवढेच सांगितले.