डब्यातला दहीभात दुपारपर्यंत आंबू नये म्हणून

सकाळी गोड लागलेला दहीभात दुपारी डबा उघडताच नाकात झिणझिण्या आणतो, तेव्हा आपण दह्याला दोष देतो. दही मात्र आपलं नेहमीचंच काम करत असतं. त्यातले जिवाणू दुधातली साखर खातात आणि आम्ल तयार करतात. चाळीस ते पंचेचाळीस अंशांची ऊब त्यांना सगळ्यात मानवते, आणि कोमट भातात दही कालवून झाकण लावलं की नेमकी तीच ऊब आपण त्यांना देतो. एरवी विरजण लावताना आपण वेगळं काय करतो? फरक एवढाच की विरजणात चमचाभर दही असतं आणि डब्यात वाटीभर. म्हणजे सुरुवातीलाच आंबट असलेल्या दह्याला आपण आणखी पाच तास आंबवत ठेवतो.

म्हणून उपाय असा की डब्यात दही भरायचं नाही, दूध भरायचं आणि त्याला विरजण लावायचं. दुपारी जेवायच्या सुमाराला त्याचं अदमुरं दही झालेलं असतं.

एका माणसाच्या डब्यासाठी अर्धी वाटी तांदूळ दीड वाटी पाण्यात घालून कुकरला मऊ, आसट शिजवा. मोकळा भात इथे कामाचा नाही. तो डब्यात ओलावा शोषत राहतो आणि दुपारी गोळा होऊन बसतो. भात गरम असतानाच पळीने घोटा, कारण गार झालेला भात नीट मोडत नाही. मग उकळून गार केलेलं वाटीभर दूध घालून सारखं करा. मिश्रण डब्यात हवं त्यापेक्षा पातळ, खिरीसारखं वाटलं पाहिजे. दुपारपर्यंत ते घट्ट होतंच.

आता थांबायचं, आणि घाईच्या सकाळी हेच होत नाही. भात परातीत पसरा, बोट घातल्यावर अजिबात ऊब लागेनाशी झाली की मगच एक मोठा चमचा ताजं, गोड दही घाला. दही जुनं आणि आंबट असेल आणि दूध अजून गरम असेल, तर दूध फुटून भात कणीदार होतो. मीठ शेवटी घाला. मिठाने आंबणं थोडं मंदावतं, पण त्याच्या भरवशावर राहू नका. फोडणीही गार करूनच घाला, नाहीतर एवढा वेळ थांबल्याचा काही उपयोग नाही. काकडी किंवा कांदा घालायचा असेल तर वेगळ्या डबीत न्या, दोन्हींना पाणी सुटतं.

दह्याचं प्रमाण हवेवर आणि तासांवर ठरतं. साडेसातला भरलेला डबा एकला उघडायचा, म्हणजे साडेपाच तास. कडक उन्हाळ्यात एवढ्या वेळाला एक चमचा पुरतो, उलट जास्तच होतो. तेव्हा लहान चमचा घ्या. थंडीत तेवढ्याच दह्यात दुपारी दूधभातच हाती येतो, म्हणून दोन-तीन मोठे चमचे घाला. डबा फ्रिजमध्ये ठेवायची सोय असेल तर हे गणितच बदलतं: थंडीत जिवाणू जवळजवळ थांबतात, त्यामुळे सरळ दही कालवून नेलं तरी चालतं.

गरम ठेवणाऱ्या जाड डब्याबद्दल वेगळं सांगायला हवं. मी एकदा ऊन-ऊन दहीभात त्यात भरला, तो चांगला राहील या समजुतीने. दुपारी तो इतका आंबट झाला होता की कढी करावी लागली असती. तो डबा आत घातलेलं तापमान टिकवतो, गरम असो की गार. तेव्हा तो रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून त्यात फ्रिजमधलाच गार दहीभात भरा. मग तोच डबा बर्फाच्या पिशवीचं काम करतो.

आंबट झालेला दहीभात बिघडलेला असतोच असं नाही. तो नुसता आंबट असेल तर खाता येतो. मात्र चव कडवट लागली, चमच्याला तार सुटली, फेस दिसला किंवा खमिरासारखा वास आला, तर टाकून द्या. रात्रभर ओट्यावर राहिलेला भात मात्र वास चांगला आला तरी वापरू नका. भातातल्या काही जिवाणूंचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, आणि भात उघड्यावर राहिला की ते वाढून विष तयार करतात. ते पुन्हा गरम केल्यानेही जात नाही आणि त्याला वासही नसतो. रात्रीचा भात न्यायचा असेल तर शिजल्यावर पसरून लवकर गार करा आणि तास-दीड तासात फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी तो घट्ट झालेला असतो. थोडं गरम दूध घालून मोडून घ्या, पूर्ण गार होऊ द्या आणि मगच दही लावा.