कंस लावूनही b का वाढत नाही: सी प्रोग्रॅमचे आउटपुट टप्प्याटप्प्याने तपासताना

खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांतील मराठी शाळांतून बेळगावात डिप्लोमाला किंवा बीसीएला येणाऱ्या विद्यार्थ्यांना `++` म्हणजे एकाने वाढ आणि `--` म्हणजे एकाने घट एवढे पहिल्या महिन्यातच कळलेले असते. ऑपरेटरांच्या अग्रक्रमाचा तक्ताही बहुतेकांना पाठ असतो. तरीही ‘आउटपुट लिहा’ या प्रश्नात गुण जातात, आणि ते जवळजवळ नेहमी एकाच ठिकाणी जातात. मला ती जागा ओळखायला फार वेळ लागला, म्हणून येथे तिच्याविषयीच सविस्तर लिहीत आहे.

पुढील तुकडा वहीत उतरवून घ्या आणि पुढे वाचण्यापूर्वी चारही आकडे स्वतः लिहून पाहा.

```c
int a = 1, b = 2, c = 3, r;
r = a++ || b++ && --c;
printf("%d %d %d %d\n", a, b, c, r);
```

वर्गात या प्रश्नाचे सर्वाधिक वेळा दिसणारे उत्तर `2 3 2 1` असे असते. त्यामागचा विचार असा की, `&&` चा अग्रक्रम `||` पेक्षा वरचा आहे, म्हणून आधी `b++ && --c` सोडवायचे. त्यात `b` तीन होतो, `c` दोन होतो, आणि मग डावीकडच्या `a++` कडे वळायचे. हा विचार मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला स्वाभाविक वाटतो, कारण आपण लहानपणापासून ‘कंचेभागुबेव’ म्हणत गणिते सोडवली आहेत: कंस आधी, मग भागाकार-गुणाकार, मग बेरीज-वजाबाकी. अंकगणितात हा नियम निर्धोक असतो, कारण तेथे आकडे सोडवताना बदलत नाहीत. बांधणी तीच ठेवून दोन स्वतंत्र भागांपैकी कोणता आधी सोडवला याने उत्तरात फरक पडत नाही. सी भाषेत मात्र `b++` सोडवणे म्हणजे `b` बदलणे, आणि तो भाग सोडवलाच गेला नाही तर `b` जागचा हलत नाही.

अग्रक्रम फक्त एवढेच सांगतो की कोणता ऑपरेटर कोणत्या तुकड्यांना धरून ठेवतो. वरच्या ओळीची बांधणी `r = ((a++) || ((b++) && (--c)))` अशी होते, आणि येथे त्याचे काम संपते. कोणता तुकडा आधी चालवायचा हे `||` आणि `&&` यांचा स्वतःचा नियम ठरवतो: डावी बाजू आधी चालवायची, आणि तेवढ्यावरच उत्तर निश्चित होत असेल तर उजव्या बाजूला हातही लावायचा नाही.

आता टप्प्याटप्प्याने जाऊ. सर्वांत बाहेरचा लॉजिकल ऑपरेटर `||` आहे, म्हणून त्याची डावी बाजू `a++` प्रथम चालते. पोस्ट-इन्क्रिमेंट असल्यामुळे तिच्याकडून मिळणारी व्हॅल्यू जुनी, म्हणजे 1 असते आणि `a` मात्र 2 होतो. `||` ला डावीकडून शून्येतर व्हॅल्यू मिळाली, त्यामुळे निकाल 1 ठरला. उजवीकडचा `b++ && --c` हा संपूर्ण भाग वगळला जातो, म्हणून `b` 2 राहतो आणि `c` 3 राहतो. शेवटी `r` मध्ये 1 जातो. आउटपुट `2 2 3 1` येते.

येथे एक गोष्ट बारकाईने पाहावी. चुकीच्या आणि बरोबर अशा दोन्ही उत्तरांत `r` एकच आहे. जो विद्यार्थी फक्त `r` ताडून पुढे जातो, त्याला आपला विचार चुकला हे कधीच कळत नाही. म्हणून प्रत्येक टप्प्यापुढे दोन वेगळे रकाने ठेवावेत, असे माझे ठाम मत आहे: एकात त्या तुकड्याने दिलेली व्हॅल्यू लिहावी, आणि दुसऱ्यात तो टप्पा संपल्यावर `a`, `b`, `c` काय झाले ते लिहावे. `a++` च्या पुढे पहिल्या रकान्यात 1 आणि दुसऱ्यात 2 लिहिताना हात अडखळतो, आणि तो तेथे अडखळलेलाच बरा.

संगणकावर `gcc -Wall` ने हा तुकडा कंपाइल केला तर पुढील सूचना दिसते.

```
warning: suggest parentheses around '&&' within '||' [-Wparentheses]
```

ती पाहून अनेकजण `a++ || (b++ && --c)` असे लिहितात आणि आता तरी कंस आधी सुटेल अशी अपेक्षा धरतात. आउटपुट तरीही `2 2 3 1` च येते. या कंसांनी बांधणी डोळ्यांना स्पष्ट झाली, पण ती पूर्वीही तशीच होती. चालण्याचा क्रम `||` च्याच हातात राहिला. हा प्रयोग प्रत्येकाने स्वतः करून पाहावा.

त्यानंतर `a` ची सुरुवातीची व्हॅल्यू 0 करावी आणि पुन्हा आधी कागदावर उत्तर काढावे. आता `a++` कडून 0 मिळतो, `a` 1 होतो, आणि `||` ला उजवीकडे जावेच लागते. `b++` कडून 2 मिळतो, `b` 3 होतो. 2 शून्येतर असल्यामुळे `&&` पुढे जातो, `--c` मुळे `c` 2 होतो आणि मिळणारी व्हॅल्यूही 2 असते. दोन्ही बाजू शून्येतर, म्हणून निकाल 1. आउटपुट `1 3 2 1`. काहीजण येथे `r` मध्ये 2 लिहितात. लॉजिकल ऑपरेटरचा निकाल मात्र 0 किंवा 1 एवढाच असतो.

शिकवण्यांमध्ये ‘पोस्ट-इन्क्रिमेंट सेमीकोलननंतर करायचे’ अशी एक सोपी युक्ती सांगितली जाते. मला ती युक्ती घातक वाटते. `a` 0 असताना `r = a++ || a;` ही ओळ त्या युक्तीने सोडवली तर `r` 0 येतो, प्रत्यक्षात तो 1 असतो. `||` आणि `&&` यांची डावी बाजू संपताच तिच्यातील वाढ पूर्ण झालेली असते, अशी हमी भाषा देते, त्यामुळे उजव्या `a` ला 1 च दिसतो. शिकवणाऱ्याविषयी आदर ठेवूनही अशी युक्ती वहीतून खोडावी.

ही हमी `+` देत नाही, आणि येथे नवख्यांनी उगाच स्वतःला दोष देऊ नये. `i = i++ + ++i;` किंवा `printf("%d %d", i, i++);` अशा ओळींत एकच व्हेरिएबल क्रम न ठरवता बदलले आणि वाचले जाते, म्हणून सी भाषेच्या प्रमाणकानुसार त्यांचे वर्तन अनिश्चित आहे. दोन मैत्रिणींच्या संगणकांवर वेगवेगळे आकडे आले तरी दोघींपैकी कोणीही चुकलेली नसते. `-Wall` दिल्यास `operation on 'i' may be undefined` अशी सूचना येते, आणि ती आली की ट्रेसिंग तेथेच थांबवावे, कारण माग काढण्याजोगा एक क्रमच अस्तित्वात नाही. परीक्षेत असा प्रश्न आलाच, तर अपेक्षित वाटणारे उत्तर लिहून त्याखाली ही ओळ अनिश्चित वर्तनाची असल्याचे एका वाक्यात नोंदवावे. उलट `x = a++ + b * c;` मध्ये तिन्ही व्हेरिएबल वेगळी असल्यामुळे कोणती बाजू आधी चालली याने आउटपुट बदलत नाही, आणि तेथे वरच्याच दोन रकान्यांनी निर्धास्तपणे उत्तर काढता येते.