नंतर ओळख पटेल असे फोटो कसे काढावेत : सह्याद्रीतल्या वनस्पती आणि कीटकांसाठी

ट्रेक संपल्यावर 'हे फूल कुठलं?' म्हणून जे फोटो दाखवले जातात, त्यात बहुतेक वेळा एकच फोटो असतो : फूल समोरून, अगदी जवळून, मागचं सगळं धूसर. दिसायला तो सुंदर असतो, पण त्यावरून फार तर कुळापर्यंत पोचता येतं. जात ठरवायला लागणाऱ्या खुणा फुलाच्या मागे, पानाच्या खाली आणि खोडावर असतात. त्या फोटोत आल्या नाहीत, तर जाणकारालाही अंदाजच बांधावा लागतो.

पावसाळ्याच्या शेवटी सड्यांवर पिवळा गालिचा पसरवणारा कवळा याचं चांगलं उदाहरण आहे. त्याच्या बऱ्याच जाती सह्याद्रीत आहेत आणि समोरून बरीचशी फुलं सारखीच दिसतात. जाती वेगळ्या करताना अभ्यासक आधी फुलामागचा हिरवा कोश पाहतात : त्यावरच्या शिरा सरळ समांतर गेल्यात की जाळीसारख्या गुंफल्यात, आणि त्यावर राठ केस आहेत की नाहीत. समोरून काढलेल्या फोटोत हे काहीच दिसत नाही.

म्हणून कवळा दिसला की फोटो या क्रमाने घ्या.

१. उभं राहून, दोनेक मीटरवरून, झाड आणि त्याची जागा. उघडा कातळ आहे, साचलेलं पाणी आहे की गवत, हे यात यावं.

२. संपूर्ण रोप, जमिनीपासून शेंड्यापर्यंत. ते सरळ उभं वाढतं की जमिनीलगत पसरतं, हे यावरून कळतं.

३. फूल समोरून. पाकळीवर तांबडे ठिपके असतील तर ते स्पष्ट यायला हवेत.

४. तेच फूल बाजूने आणि मागून, हिरव्या कोशासकट. सगळ्यात महत्त्वाचा फोटो हाच. दोन-तीन घ्या.

५. पान वरून आणि खालून. कवळ्याचं पान संयुक्त असतं, म्हणजे एका देठावर छोट्या पर्णिकांच्या जोड्या असतात. पर्णिका मोजता येतील आणि कडेचे केस दिसतील इतकं जवळ जा. काही जातींची पानं स्पर्शाने मिटतात, म्हणून वरचा फोटो हात लावण्यापूर्वी घ्या आणि मग पान बोटाने हळूच उलटा.

६. खोडाचा तुकडा, पानं कुठून फुटतात ते दिसेल असा. शेंगा धरल्या असतील तर त्याही.

हाच क्रम थोड्याफार फरकाने इतर वनस्पतींना चालतो. सोनकीसारख्या पिवळ्या फुलांच्या बाबतीतही फुलाच्या पाठीमागची हिरवी छदं पाहावी लागतात. तेरड्याच्या कुळात फुलामागची नळीसारखी शेपटी किती लांब आणि कशी वळलेली आहे, हे बाजूनेच दिसतं. पानं खोडावर समोरासमोर आहेत की एकाआड एक, हे मात्र प्रत्येक झाडाच्या फोटोत यायलाच हवं. फुलं नसतानाही ही एक खूण शोध बराच आवळून आणते.

आकाराचा अंदाज फोटोवरून येत नाही. त्यामुळे निदान एका फोटोत फुलाशेजारी १५ सेंटीमीटरची पट्टी धरा. पट्टी फुलाच्याच अंतरावर हवी, पुढे किंवा मागे धरली की माप चुकतं. बोटाचा आधार नको, कारण प्रत्येकाचं बोट वेगळं.

फोनने काढताना सगळ्यात जास्त फोटो बिघडतात ते फार जवळ गेल्यामुळे. बऱ्याच फोनच्या मुख्य कॅमेऱ्याला साधारण १० सेंटीमीटरच्या आत फोकस धरता येत नाही, आणि मग फूल पुसट, मागचं गवत स्वच्छ असा फोटो येतो. अशा वेळी १५-२० सेंटीमीटर मागे या आणि दुप्पट झूम करा. फोकस मागेच जात असेल तर फुलाच्या पाठीमागे तळहात धरा, फोनला पकडायला दुसरं काही उरत नाही. पिवळी आणि पांढरी फुलं उन्हात जळल्यासारखी सपाट येतात आणि पाकळीवरच्या शिरा नाहीशा होतात. स्क्रीनवर फुलावर बोट दाबून फोकस पक्का करा, उजेडाची पट्टी थोडी खाली ओढा आणि छत्रीची सावली फुलावर धरा. वाऱ्यात एकापाठोपाठ आठ-दहा फोटो घ्यावेत, एखादा तरी स्थिर मिळतो. पुढे निघण्याआधी तिथल्या तिथे फोटो मोठा करून कोशावरचे केस दिसतात का ते पाहा.

कीटक थांबत नाहीत, त्यामुळे तिथे क्रम पाळत बसू नका : पहिला फोटो लांबूनच, जसा मिळेल तसा घ्या. मग खाली बसून, स्वतःची सावली त्याच्यावर पडू न देता, हळूहळू पुढे सरका.

फुलपाखराच्या पंखांच्या दोन्ही बाजू हव्यात. प्लेन टायगर आणि डॅनेड एगफ्लायची मादी यांत फसगत हमखास होते. दोघी नारिंगी, पंखांची टोकं काळी, त्यावर पांढरा पट्टा. प्लेन टायगर विषारी असल्याने पक्षी तिला टाळतात, आणि एगफ्लायची मादी तिच्यासारखं रूप घेऊन वाचते. फरक मागच्या पंखावर आहे : प्लेन टायगरच्या पंखाच्या मध्याभोवती तीन-चार काळे ठिपके असतात, एगफ्लायच्या मादीला वरच्या कडेशी एकच असतो. तो ठिपका पुढच्या पंखाखाली झाकला जाऊ शकतो, म्हणून पंख मिटल्यावरचा बाजूचा फोटोही घ्या. फोन पंखाला समांतर धरला, तरच अख्खा पंख एकसारखा स्वच्छ येतो.

चतुर आणि टाचणी यांचे तीन फोटो लागतात : वरून, छातीवरचे पट्टे दिसतील असा बाजूने, आणि शेपटीच्या टोकाचा. नर ओळखताना टोकाशी असलेले चिमट्यासारखे अवयव निर्णायक ठरतात. नाकतोडे बाजूने, भुंगेरे वरून आणि त्यांच्या मिशा दिसतील असे घ्या. मधमाशीसारखा दिसणारा कीटक कधीकधी माशी निघतो : माशीला पंखांची एकच जोडी आणि मिशा आखूड, हे टिपायचं.

अळीचा फोटो ज्या झाडावर ती खात आहे त्या झाडाच्या फोटोशिवाय अर्धाच. रुईवर प्लेन टायगरची अळी मिळते, घोळीवर डॅनेड एगफ्लायची. झाड ओळखलं की शक्यता मोजक्याच उरतात.

एका जातीचे फोटो झाले की आपल्या तळहाताचा एक फोटो काढा आणि मगच पुढच्याकडे वळा. घरी गेल्यावर कुठलं पान कुठल्या फुलाचं हा गोंधळ होत नाही. वास, उंची, चीक असल्यास त्याचा रंग हे फोटोत येत नाही, ते फोनवर बोलून नोंदवा. चीक पाहायला पान तोडू नका, आधीच मोडलेली फांदी मिळते का बघा. कॅमेरा वेगळा असेल तर सकाळी फोनच्या घड्याळाचा एक फोटो कॅमेऱ्याने घ्या, म्हणजे नंतर फोनवरच्या फोटोंशी वेळा जुळवून जागा शोधता येते.

जाणकाराला पाठवताना व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवू नका. तो लहान होतो आणि त्यातली तारीख व ठिकाणही निघून जातं. डॉक्युमेंट म्हणून मूळ फाइल पाठवा आणि सोबत तालुका, अंदाजे उंची, महिना लिहा. कंदीलपुष्प किंवा दुर्मीळ आमरी असेल तर नेमकी जागा फक्त त्या जाणकारालाच सांगा, सार्वजनिक पोस्टमध्ये जिल्ह्याच्या पलीकडे जाऊ नका. कंद उपटून नेणारे लोक अशाच पोस्ट वाचून येतात.