‘मत्सर’ न म्हणता मत्सर: अडलेली कविता कशी सुटली

लक्षण असं: थोरल्या जावेला धाकटीचा वाटणारा मत्सर सांगणारी माझी कविता ऐकून लोक म्हणायचे, "कळलं, पण पोचलं नाही." ‘मत्सर’ काढून ‘असूया’ घातलं, मग ‘जळफळाट’. नंतर आग, विष, नागीण आणली; पण या ठरीव प्रतिमाही भावनेची नावंच आहेत. फार वैताग आला.

उपाय लागू पडला तो या क्रमाने. आधी भावनेचा शब्द आणि त्या प्रतिमा, दोन्ही खोडल्या. मग त्या क्षणी तिच्या हातात कोणतं काम आहे ते ठरवलं: पंगतीत तूप वाढणं. मत्सराचं कारण त्या कामाच्या लगेच आधीच्या ओळीत ठेवलं, ‘म्हणून’ न लिहिता. शेवटी कामात एकच गोष्ट बिघडवली, माप:

मामंजी म्हणाले, धाकटीच्या हाताला चव आहे.
थोरलीनं सगळ्यांच्या पोळीवर तूप सोडलं,
धाकटीच्या ताटाशी वाटी उपडी करून म्हणाली,
संपलं गं.
फडताळात बरणी काठोकाठ.

बरणीची ओळ काढली तर तूप खरंच संपलं असं वाटतं, म्हणून ती हवीच. रागासाठी मी माप न बदलता जोर बदलते: वाटी आपटते, तूप सांडतं.

तपासायला शीर्षक झाकून कुणाला तरी वाचायला द्या आणि विचारा, "हिला काय होतंय?" उत्तर ‘दुःख’ आलं, तर कारणाची ओळ कृतीपासून लांब गेली आहे, ती जवळ आणा.